कढईतली अडीच मिनिटे

घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरवर, तापलेल्या कढईतले एक छोटा चमचा पाणी, म्हणजे ५ मिलिलिटर, पूर्ण आटायला साधारण ११ सेकंद लागतात. धुतलेली कोबी नीट निथळली नसेल तर तिच्याबरोबर असे सहा-सात चमचे पाणी सहज कढईत उतरते. ते आटेपर्यंत सव्वा मिनिट जाते. तेवढ्या वेळात भाजी परतली जात नाही, उकडते. तिचा रंग फिका पडतो, कडा मऊ होतात आणि शेवटी बशीत तळाशी पांढरट पाणी साचते.

चायनीजच्या गाडीवर मिळतात तशा करकरीत, खमंग भाज्या घरी का होत नाहीत, याचे कारण बहुतेक जण सॉसच्या बाटलीत शोधतात. खरे कारण आच आणि पाणी यांच्या हिशोबात आहे. कोणती भाजी आधी, कोणती नंतर, प्रत्येकीला किती सेकंद आणि एका वेळी किती घ्यायची, हे सगळे त्या हिशोबातूनच ठरते. तो एकदा समजला की पाककृती पाठ करावी लागत नाही.

घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॅट ताकदीचा असतो. त्यातली बरीच उष्णता कढईच्या बाजूंनी वर निघून जाते. निम्मी कढईला मिळाली असे धरले तर हाती एक किलोवॅट उरते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी. चिनी उपाहारगृहातल्या वोकखालची भट्टी याच्या दहा-पंधरा पट ताकदीची असते. तिथला आचारी भाज्या टाकतो तेव्हा सुटलेले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उडते, कढईचा तळ कोरडाच राहतो. आपल्याकडे एका सेकंदाला अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी उडत नाही. भाज्यांमध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते एकदम सुटू लागले तर घरची आच त्याला पुरी पडत नाही.

मग घरी हे जमतेच कसे? जमते ते कढईच्या लोखंडामुळे. दीड किलो वजनाची लोखंडी कढई रिकामी तापवून अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत नेली, तर तिच्या धातूत साठलेली जादा उष्णता बर्नरच्या सुमारे दीड मिनिटाच्या कामाइतकी भरते. भाज्या पडल्यावर ही साठलेली उष्णता आणि खालची आच अशा दोन्ही मिळून कामाला लागतात. म्हणून बाजारात मिळणारा पातळ पत्र्याचा वोक घरी फारसा उपयोगी पडत नाही. तो भट्टीवर चालतो, कारण भट्टी त्याला क्षणात पुन्हा तापवते आणि हलका असल्याने तो उचलून झटकताही येतो. घरच्या शेगडीवर जाड, सपाट तळाची लोखंडी किंवा बिडाची कढई बरी. गोल तळाच्या कढईची आणखी एक अडचण आहे. घरगुती बर्नरच्या ज्योती बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात, त्यामुळे कढईच्या बाजू तापतात आणि ऐन मधला तळ मागे राहतो.

हिंडालियमची जाड कढईही चालते, फक्त ती लवकर तापते तशी लवकर निवतेही. नॉनस्टिक भांडे मात्र या कामासाठी वापरूच नये. त्याचा लेप अडीचशे अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्यातून निघणारा धूर श्वासात जाणे चांगले नाही. तसेच, जास्त आच मिळावी म्हणून घरच्या सिलिंडरला गाडीवरचा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावण्याचा विचारही करू नये.

कढई पुरेशी तापली हे पाण्याच्या थेंबावरून कळते. मोठ्या आचेवर रिकामी कढई अडीच-तीन मिनिटे तापवावी आणि बोट ओले करून एक थेंब टाकावा. थेंब पसरून चर्र करत आटला तर अजून अवकाश आहे. थेंबाची गोळी होऊन तो कढईत इकडेतिकडे धावू लागला की तळ दोनशे अंशांच्या आसपास पोचला. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तो थेंबाला धातूपासून वर उचलून धरतो, म्हणून असे घडते. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. थेंब धावू लागल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबावे आणि मगच तेल घालावे.

तेल आधी घालून कढईबरोबर तापवायचे नाही. चिनी स्वयंपाकात ‘तापलेली कढई, थंड तेल’ असा नियमच आहे. तेल जितका कमी वेळ तापेल तितके कमी जळते, आणि तापलेल्या लोखंडावर ते लगेच पातळ होऊन सगळीकडे पसरते. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. घाण्याचे तेल चवीला कितीही चांगले असले तरी खूप आधी धुरावते, म्हणून ते या पदार्थाला सोसत नाही. ते भाजी उतरल्यावर वरून चमचाभर घालावे.

आता प्रत्यक्ष मोजमाप. दोन माणसांसाठी ६० ग्रॅम गाजर, ४० ग्रॅम कांदा, ५० ग्रॅम ढोबळी मिरची, ९० ग्रॅम कोबी आणि १० ग्रॅम कांद्याची पात, अशी सगळी मिळून २५० ग्रॅम भाजी घेऊ. एवढ्या भाज्या खोलीच्या तापमानापासून शिजण्याच्या तापमानापर्यंत न्यायला बर्नरचे साधारण एक मिनिट खर्ची पडते. राहिलेली आच आणि कढईत साठलेली उष्णता मिळून सुटलेले पाणी उडवतात. या हिशोबात अडीचशे ग्रॅम भाजी आरामात बसते. पाऊण किलो टाकली तर सगळा वेळ ती तापवण्यातच जातो, पाणी उडवायला काही उरत नाही.

कापणीवर सेकंद अवलंबून असतात, आणि ते अंदाजापेक्षा फार जास्त. उष्णता कापाच्या गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे काप दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट लागतो. तीन मिलिमीटर जाडीच्या गाजराच्या चकतीचा गाभा पंधरा-वीस सेकंदांत तापतो, सहा मिलिमीटरच्या चकतीला मिनिटभर लागते. एकाच बशीत जाड आणि पातळ चकत्या असतील तर कोणतेही सेकंद पाळले तरी निम्म्या कच्च्या राहतील नाहीतर निम्म्या लगदा होतील. म्हणून गाजर तिरके, तीन मिलिमीटर जाडीचे कापावे. कांद्याच्या पाकळ्या सुट्या कराव्यात. ढोबळी मिरचीचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन करावेत, आतला पांढरा भाग आणि बिया काढून टाकाव्यात. कोबी बारीक चिरू नये. भाजीसाठी आपण चिरतो तशी चिरली तर कापलेल्या प्रत्येक कडेतून पाणी सुटते. तिचे तीन सेंटिमीटरचे तुकडे करून पाने सुटी करावीत आणि मधला जाड दांडा वेगळा काढावा.

भाज्या चिरण्याआधी धुवाव्यात. चिरून पंचावर पसरून ठेवल्या तर अर्ध्या तासात कोरड्या होतात. फ्रिजमधून काढून थेट कढईत टाकू नयेत, कारण तो गारवा घालवण्यातही आच खर्च होते. प्रत्येक भाजी वेगळ्या वाटीत, टाकण्याच्या क्रमाने शेगडीच्या उजवीकडे मांडावी. मीठ, सोया सॉस, मिरपूड मोजून हाताशी ठेवावी. एकदा तेल पडले की डबा शोधायला वेळ नसतो.

वेळापत्रक असे:

० सेकंद: दीड मोठा चमचा तेल, कढई फिरवून तेल बाजूंना लावणे.
५ सेकंद: ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या आणि आल्याचे चार काप.
१३ सेकंद: गाजर; एकटे ४० सेकंद.
५३ सेकंद: कांदा, २० सेकंद.
७३ सेकंद: ढोबळी मिरची, २५ सेकंद.
९८ सेकंद: कोबी, ३५ सेकंद.
१३३ सेकंद: पाव चमचा मीठ आणि कढईच्या काठावरून दोन छोटे चमचे सोया सॉस, १० सेकंद.
१४३ सेकंद: कांद्याची पात, मिरपूड, पाच सेकंद, आणि गॅस बंद.

यात गाजराला एकूण सव्वादोन मिनिटे मिळतात, कोबीला पाऊण मिनिट. ज्या भाजीचे तंतू घट्ट आणि काप जाड, ती आधी. जिच्यात पाणी जास्त आणि पान पातळ, ती नंतर. पण क्रम लावण्यामागे आणखी एक कारण आहे. सगळ्या भाज्या एकदम टाकल्या तर कढईचे तापमान एका फटक्यात शंभरच्या आसपास उतरते आणि मग वर चढतच नाही. ६० ग्रॅम गाजर पडल्यावर ते थोडेच उतरते आणि पुढची वाटी रिकामी होईपर्यंत काहीसे सावरते. वाट्या वेगवेगळ्या केल्याने भाज्या सारख्या शिजतात हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यामुळे कढई निवत नाही.

लसूण पहिल्यांदा टाकायचा तर तो करपणार नाही का, असा प्रश्न पडतो. बारीक चिरलेला लसूण या तापमानाला दहा सेकंदांत तपकिरी आणि कडू होतो. म्हणून तो चिरायचा नाही, नुसता ठेचायचा. तेलाला वास लागतो आणि आठ सेकंदांनी गाजर पडताच तेल इतके निवते की लसूण वाचतो. ज्यांना बारीक लसूणच आवडतो त्यांनी तो कोबीबरोबर घालावा.

मीठ शेवटी घालण्याचे कारणही पाण्यातच आहे. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. कोबीवर सुरुवातीला मीठ पडले तर मिनिटभरात ती ओली होते. शेवटच्या दहा सेकंदांत तिला पाणी सोडायला वेळच मिळत नाही. सोया सॉस भाजीवर न ओतता कढईच्या काठावर ओतायचा, म्हणजे तापलेल्या लोखंडावर तो चर्र करून किंचित जळतो आणि त्याचा खमंग वास भाजीला लागतो. भाजीवर ओतला तर तो नुसतेच आणखी एक पाणी ठरतो. व्हिनेगर घालायचे असेल तर तेही अगदी शेवटी, कारण आंबट पडले की हिरवा रंग लवकर मळकट होतो.

या सगळ्या वेळात उलथणे थांबवायचे नाही, पण घाईने ढवळायचेही नाही. तळाशी घालून भाजी वर आणावी आणि दोन-तीन सेकंद तशीच राहू द्यावी, म्हणजे तळाला टेकलेल्या कडेवर तपकिरी ठिपके उमटतात. हॉटेलातले आचारी वोक झटकतात, ते दिसायला छान असते, पण त्याला कारण आहे. हंगटांग को आणि डेव्हिड हू या संशोधकांनी आचाऱ्यांच्या परतलेल्या भाताचे चित्रण करून २०२० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आचारी वोक सेकंदाला जवळजवळ तीनदा झटकतात, असे त्यांना दिसले. भट्टीची आच इतकी असते की अन्न हवेत उडून क्षणभर निवले नाही तर ते जळेल. घरी प्रश्न उलटा आहे. इथे कढई उचलली की ज्योत तिच्यापासून दूर जाते आणि आधीच अपुरी असलेली आच आणखी कमी होते. इंडक्शनवर तर भांडे उचलताच तापवणे थांबते. घरी कढई जागेवर ठेवावी आणि उलथण्यानेच काम करावे.

कँटनी स्वयंपाकात ज्याला ‘वोक हेइ’ म्हणतात, तो धुरकट वास घरी पूर्ण येत नाही, हेही मान्य करायला हवे. झटकताना वोकच्या काठाबाहेर उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब ज्योतीत पेट घेतात, त्यातून त्या वासाचा मोठा भाग येतो. घरच्या ज्योतीने ते होत नाही आणि तसा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. काठावरच्या सोया सॉसने आणि कोबीच्या तपकिरी ठिपक्यांनी त्याचा काही अंश मिळतो, तेवढ्यावर समाधान मानावे.

काही बिघडते आहे हे डोळ्यांआधी कानाला कळते. सगळे ठीक असते तेव्हा कढईतून सलग, कोरडी चुरचुर ऐकू येते. पाणी साचू लागले की ती मंद होते आणि तिच्या जागी भुळभुळ असा उकळीचा आवाज येतो. अशा वेळी बहुतेकांचा हात झाकणीकडे जातो, तो जाऊ देऊ नये. झाकणाने वाफ परत पाणी होऊन आतच पडते. त्याऐवजी निम्मी भाजी ताबडतोब ताटलीत काढावी, उरलेली बाजूंना सारून तळ मोकळा करावा आणि मधले पाणी आटू द्यावे. चुरचुर परत आली की ताटलीतली भाजी आत टाकावी. याउलट निळसर धूर निघून तिखट वास येऊ लागला तर आच जास्त झाली आहे. ती कमी करण्याऐवजी पुढची भाजी लगेच टाकावी, तापमान आपोआप उतरते.

वरच्या यादीत नसलेल्या भाज्यांना याच तत्त्वाने जागा मिळते. पाक चोय किंवा पालकाचे दांडे आणि पाने वेगळी करून दांड्यांना चाळीस सेकंद आणि पानांना वीस सेकंद द्यावेत. मशरूम पाण्याने भरलेले असते. ते आधी एकटेच दीड-दोन मिनिटे परतून बाजूला काढावे आणि शेवटी परत मिसळावे. ब्रोकोली आणि फुलकोबी यांचे तुरे जाड असल्याने नुसत्या परतण्याने आतून कच्चे राहतात. त्यांना उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून, निथळून, पंचावर पूर्ण कोरडे करून मग कढईत तीस सेकंद पुरतात. यात कमीपणा काही नाही, चिनी उपाहारगृहांतही टणक भाज्या आधी पाण्यातून किंवा तेलातून काढून घेतात.

फरसबीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या शेंगांत आणि दाण्यांत राजम्यासारखेच लेक्टिन नावाचे द्रव्य असते. अर्धवट शिजलेल्या फरसबीने उलट्या आणि पोटदुखी होते, आणि चीनमध्ये सामुदायिक स्वयंपाकघरांतून अशा विषबाधेच्या घटना घडत आल्या आहेत. तिथे करकरीतपणाचा आग्रह धरू नये. फरसबी आधी उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवावी, मगच कढईत अर्धा मिनिट परतावी.

चार माणसांसाठी करायचे असेल तर कढई मोठी घेण्याचा मोह होतो. बर्नर तोच असल्यामुळे मोठ्या कढईने काही साधत नाही. अडीचशे-अडीचशे ग्रॅमचे दोन घाणे करावेत. पहिला घाणा काढल्यावर कढई पुसून घ्यावी, रिकामी मिनिटभर तापवावी, थेंब टाकून पाहावा आणि मग दुसरा करावा. दोन्ही घाण्यांत मिळून सात-आठ मिनिटे लागतात. अर्धा किलो एकदम टाकूनही जवळपास तेवढाच वेळ जातो, आणि वर उकडलेली भाजी मिळते.

वेळापत्रकातले सेकंद तुमच्या शेगडीवर पाच-दहाने इकडेतिकडे होतील. ते जुळवायचे असतील तर पहिल्या वेळी फक्त गाजर करावे. चाळीस सेकंदांनी एक चकती काढून मोडून पाहावी. मधोमध पांढुरकी, कोरडी रेघ दिसली तर अजून दहा सेकंद हवेत. न मोडता वाकली तर दहा सेकंद जास्त झाले. कडेला मऊ आणि मध्ये टचकन मोडणारी चकती ही बरोबर. तो आकडा एकदा मिळाला की बाकीच्या भाज्यांचे सेकंद त्याच प्रमाणात कमीजास्त करावेत.

गॅस बंद झाला तरी कढईचे लोखंड दीड-दोनशे अंशांवर असते आणि भाजी आतच राहिली तर पुढची दोन मिनिटे शिजतच राहते. इतक्या काटेकोरपणे मोजलेले सेकंद तिथे वाया जातात. त्यामुळे बशी आधीच हाताशी ठेवावी आणि गॅस बंद करताच भाजी तिच्यात पसरावी.